हरवले होते ते आम्ही: एका स्वागतपर भाषणाचं प्रकरण

आमची बारावी २००५ ची. मेळावा ठरला २८ डिसेंबर २०२५, रविवार. जागा इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या बाजूचं एक सभागृह. वर्गातले ४६ जण येणार होते. त्यांच्या बायका-नवरे, पोरंबाळं आणि पाच शिक्षक धरून आकडा सव्वाशेच्या वर गेला. मी इंदूरच्या मराठी कार्यक्रमांत बरीच वर्षं सूत्रसंचालन करते, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं की भाषणही मीच करणार. मी नाही म्हटलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईचं भाषण गुळगुळीत होतं, आणि इथे गुळगुळीत चाललं नसतं. शेवटी भाषण एका बँकेत नोकरी करणाऱ्या आमच्या मित्राच्या गळ्यात पडलं. त्यानं आयुष्यात कधी माइक हातात धरला नव्हता. लिहायला मदत माझी, बोलायचं त्यानं. नावं इथे कुणाचीच देत नाही. ज्यांची द्यायला हवी होती ती त्या दिवशी सभागृहात घेतली गेली.

त्याचा पहिला खर्डा आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे होता. दीपप्रज्वलन, सरस्वतीला हार, मग 'आपल्यातून निघून गेलेल्या मित्रांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं शांतता', आणि नंतर स्वागत, आठवणी, विनोद. मी त्याला ते माझ्या घरच्या चार माणसांसमोर वाचायला लावलं. शांततेनंतर लगेच आलेल्या पहिल्या विनोदावर कुणी हसलं नाही. दुसऱ्यावरही नाही. विनोद वाईट नव्हते, पण नुकतंच मान खाली घालून उभ्या राहिलेल्या माणसाला हसायची परवानगी मिळालेली नसते. माझे सासरे म्हणाले, "हे भाषण आहे का शोकसभा, ते आधी ठरव."

मग त्यानं तो भाग शेवटी नेला. तेही बसेना. शेवटच्या ओळीनंतर मला 'आता जेवायला चला' म्हणायचं होतं. गेलेल्यांची नावं आणि जेवणाची रांग यांच्यामध्ये एक श्वाससुद्धा उरत नव्हता. शिवाय शेवटी दुःख आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा आवाज आधीपासूनच जड होत जातो. माझ्या मित्राचा दुसऱ्या मिनिटापासून होत होता.

राहिली मधली जागा. नऊ मिनिटांच्या भाषणात पाचव्या-सहाव्या मिनिटाच्या आसपास. पण मध्ये ठेवायचं म्हणजे हसऱ्या सभेला तिथपर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न येतो. 'पण मित्रहो, आज काही चेहरे इथे नाहीत' या वाक्यानं ते होत नाही. हे वाक्य मी इतक्या कार्यक्रमांत ऐकलंय की त्यातला 'पण' आला की लोक घड्याळ बघतात. दुसरा एक मोहही आला. हजेरी घ्यायची, एकेक रोल नंबर पुकारायचा, चार नंबरांना उत्तर येणार नाही. कागदावर हे फार प्रभावी वाटतं. मी खोडलं. त्या चारपैकी एकीचा भाऊ आणि एकाची आई समोर बसणार होती. बहिणीच्या नंबरावर मुद्दाम पाडलेली शांतता त्यानं कुणासाठी ऐकायची?

उत्तर उज्जैनहून आलं. २००४ चा सिंहस्थ. अकरावीची परीक्षा झाली होती आणि आमच्या वर्गातली पाच मुलं तिकडे गेली होती. भाषण करणारा त्यांतला एक. त्यातलाच एक २०२१ मध्ये गेला. मित्र मला ही हकिकत फोनवर सहज सांगत होता, भाषणासाठी नव्हे. मी म्हटलं, थांब, हेच लिही. भाषणात ती अशी आली:

"घरी सांगितलं देवदर्शन, आणि पाच जण सकाळच्या बसनं उज्जैनला. रामघाटावर ही गर्दी. तासाभरात आमच्यातला एक गायब. चौघं त्याला शोधतोय, तेवढ्यात भोंग्यावर आवाज येतो: 'इंदौर से आए चार लड़के खो गए हैं, उनका साथी खोया-पाया केंद्र पर उनकी राह देख रहा है।' आणि मग आमची नावं. बापाच्या नावासकट, मोहल्ल्यासकट! हरवला हा, आणि पुकारा आमचा. आम्ही धावत पोहोचलो तर हा खुर्चीवर बसून चहा पितोय. वर आम्हालाच म्हणतो, 'कुठे हरवला होतात रे?'"

हसू इथे सगळ्यात मोठं येणार, हे उघड होतं. ते ओसरू द्यायचं. आणि मग, आवाज न बदलता:

"तो आज इथे नाही. त्या दिवशी त्यानं आमची नावं पुकारली होती. आज त्याचं नाव मी पुकारतो, आणि त्याच्याबरोबर आणखी तिघांचं."

गेलेला माणूस भाषणात आधी जिवंत येतो, चहा पितो, आपल्याला हसवतो, आणि मग कळतं की तो नाही. सभेला कुठे ओढून न्यावं लागत नाही. जे हसत होते तेच गप्प होतात. माझ्या मते सगळ्या भाषणाचा सांधा एवढाच होता. बाकीचं त्याच्या मागे-पुढे बसवलं.

ही हकिकत वापरण्याआधी त्याच्या आईला विचारायला आम्ही दोघं गेलो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "मला तर त्यानं घरी येऊन सांगितलं होतं की तुम्ही चौघं हरवलात. म्हणजे तोच हरवला होता होय!" आणि हसल्या. परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. मला स्टेजवर बोलवू नका, आणि मी बसलेय तिकडे बोट दाखवू नका. येईन, मागे बसेन, जेवून जाईन. हे विचारून घेतलं नसतं तर आमच्या समितीनं नक्की शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला असता. तसं ठरतच आलं होतं.

यादीचं काम वाटलं त्यापेक्षा नाजूक निघालं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'कोण कोण गेलं' असं विचारल्यावर पाच नावं आली. आम्ही नियम केला की प्रत्येक नावाला दोन वेगळ्या माणसांचा दुजोरा हवा, त्यातला एक घरचा. पाचव्या नावाचा दुजोरा मिळेना. शेवटी त्याच्या जुन्या शेजाऱ्याकडून नंबर मिळाला, मी भीत भीत लावला, आणि फोन त्यानंच उचलला. बडोद्याला असतो, धंदा करतो, ग्रुप चार वर्षांपूर्वी सोडला होता. "क्यों भिया, मारून टाकलंत का मला?" इतकंच म्हणाला. हा किस्सा भाषणात घालायचा मित्राचा फार आग्रह होता. मी घालू दिला नाही. ज्यांच्या घरी असा फोन खोटा ठरला नाही, ती माणसं समोर असणार होती.

उरली चार नावं. एका घरानं सांगितलं की तो कसा गेला हे बोलू नका. मग आम्ही कुणाचंच कारण सांगायचं नाही असं ठरवलं. तिघांचं सांगितलं आणि चौथ्याचं टाळलं तर टाळलेलंच मोठ्यानं ऐकू येतं. क्रम शाळेच्या हजेरीपटातला. त्यामुळे उज्जैनवाला तिसरा आला, आणि त्याच्याबद्दल आधीच बोलून झालं होतं म्हणून त्याची ओळ सगळ्यांत छोटी ठेवली. मुलींचं माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर, कारण वर्ग तिला माहेरच्या नावानं ओळखतो आणि घरच्यांना दुसरं नाव गाळलेलं खटकतं.

प्रत्येकाला एकच वाक्य, आणि त्यात डोळ्यांना दिसेल असं काहीतरी. 'मनमिळाऊ', 'हसतमुख' हे शब्द बाद. जो क्रिकेट खेळायचा त्याचं सोपं होतं. चौथीचं अवघड गेलं. ती इतकी शांत होती की ग्रुपवर कुणाला काही आठवेना. 'छान होती' यापलीकडे तीन दिवसांत काही आलं नाही. तिचं वाक्य सोडून द्यावं असंही एक जण म्हणाला. शेवटी तिच्या बाकावर बसणारी, आता जबलपूरला असते ती, म्हणाली, "अगं, तिच्या हातात घड्याळ असायचं. आमच्या रांगेत एकटीच्या." आणि मग मलाही आठवलं. वाक्य असं झालं: "आपल्या रांगेत घड्याळ फक्त तिच्याकडे होतं, शेवटच्या तासाला आपण सगळे तिला 'किती वाजले' विचारायचो, आणि ती न कंटाळता दर वेळी सांगायची."

गेलेल्या शिक्षकांचा प्रश्न उरला होता. ती नावं बरीच होती. भाषणात घेतली असती तर तो भाग यादीवाचन झाला असता. त्यांचे फोटो दारापाशी एका फलकावर लावले, खाली समई ठेवली. भाषणात एका वाक्यात उल्लेख केला.

विनोदांबद्दल थोडं सांगते, कारण त्यात आमची भांडणं जास्त झाली. पहिल्या खर्ड्यात वर्गातल्या सात जणांची टोपणनावं होती. त्यातली चार अंगावरून पडलेली. मी मित्राला म्हटलं, ज्याचं टोपणनाव घेशील त्याच्या शेजारी त्याची बारा वर्षांची मुलगी बसलेली असेल, तिच्यासमोर हे नाव घेऊन बघ. सातातली दोन उरली. जुनी प्रेमप्रकरणं तर पूर्णच गेली. समोर बसणाऱ्या निम्म्या माणसांची लग्नं दुसऱ्यांशीच झालेली होती. मार्कांवरचे विनोद फक्त बोलणाऱ्यानं स्वतःवर करायचे.

राहिलं ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलेलं. आमची दहावी २००३ ची. मध्य प्रदेशात विजेचे ते कसले दिवस होते हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण सभेत पुण्या-नाशिकहून सून म्हणून आलेल्या बायका होत्या. त्यांच्यासाठी अर्धं वाक्य जोडलं: "ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाकीच्या देशात लाइट जायची. आपल्याकडे लाइट यायची. यायची, तोंड दाखवायची, निघून जायची. मार्क कमी पडले की आपण सगळे म्हणायचो, लाइट नव्हती. मग लाइट आली, चोवीस तास राहायला लागली, आणि माझे मार्क तेवढेच राहिले." हे अर्धं वाक्य जोडायची सवय प्रत्येक आठवणीला लावली. नाहीतर निम्मी सभा हसते आणि निम्मी एकमेकींकडे बघते.

दुसरा हमखास चाललेला विनोद मित्राच्या बायकोचा होता. ती साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्या सकाळी पोह्यांवर शेव, जीरावण आणि शेजारी जिलेबी बघून तिनं विचारलं होतं, "हा नाश्ता आहे की कुणाचा वाढदिवस?" आणि आठवड्याभरात सासूनं 'दूध फाटलं' म्हटल्यावर ती फाटलेली पिशवी शोधत बसली होती, कारण तिच्याकडे दूध नासतं. हे तिला विचारून घेतलं. ती म्हणाली, सांग, पण मी समोर असताना सांग.

पहिली तालीम तेरा मिनिटांची झाली. मित्र मिनिटाला साधारण ११० शब्द बोलतो, त्यात हशाची जागा धरावी लागते, म्हणून नऊ मिनिटांत साडेआठशेच्या वर शब्द नकोत असं ठरलं. काय कापलं? सराफ्यातली रात्र, रंगपंचमीची गेर, पुस्तकं विकत घ्यायला खजुरी बाजार. हे सगळं ऐकायला गोड आणि आमचंच, पण ते इंदूरच्या कुठल्याही शाळेच्या कुठल्याही वर्षाला जमलं असतं. सिंहस्थ आणि लाइट फक्त आमच्या वर्षाची होती. रंगपंचमी कापताना तो माझ्यावर चिडला. अजून थोडा चिडलेला आहे.

शांतता किती सेकंदांची, यावर समितीत वाद झाला. 'दोन मिनिटं' म्हणायची पद्धत, पण खरी दोन मिनिटं धरली तर सभागृहात लहान मुलं असताना ती पेलवत नाहीत, आणि दोन म्हणून तीस सेकंदांत उरकलं तर ते वाईट दिसतं. आम्ही आकडा सांगायचाच नाही असं ठरवलं. मनात चाळीस सेकंद. वाक्य होतं: "ज्यांना जमेल त्यांनी उभं राहू या." कारण पाच शिक्षकांपैकी एका बाईंना गुडघ्यांमुळे उठता येत नव्हतं, आणि त्या एकट्या बसून राहिल्या तर त्यांनाच ओशाळं वाटलं असतं.

माझा खरा घोर साउंडवाल्याचा होता. एका कार्यक्रमात मी हे भोगलंय. शांतता सुरू झाली, आणि माइक बंद पडला असं समजून त्या मुलानं बासरीचं रेकॉर्ड लावलं. त्यानं मदतच केली होती बिचाऱ्यानं. या वेळी मी सकाळीच साउंडवाल्याला सांगितलं, आणि त्या मिनिटाला त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. केटररलाही सांगून ठेवलं होतं की मी हात वर केला की पाच मिनिटं भांडी हलवू नका. तरी मिक्सर एकदा वाजला. तो बंद करायला मी आमच्या वर्गातल्या एकीला दारातच ठेवली होती.

शांततेतून परत यायचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा बदललं. 'ओम शांती' म्हणून टाळ्या मागता येत नाहीत. लगेच विनोदही करता येत नाही. त्यामुळे आधी नुसतं "बसू या". मग खुर्च्यांचा आवाज संपेपर्यंत थांबायचं. आणि मग भोंगा परत आणायचा: "एक सूचना. आजचं खोया-पाया केंद्र या टेबलापाशी आहे. वीस वर्षांत केस गेले, वजनं आली, त्यामुळे कुणी ओळखू येत नसेल तर छातीवरचा बिल्ला वाचा. तरीही सापडला नाही तर माझ्याकडे या, मी पुकारा करतो." हे मोठ्यानं हसवणारं नव्हतंच. त्यानं फक्त चेहरे सैल व्हायला हवे होते. पुढे शिक्षकांचं स्वागत, दिवसाचा कार्यक्रम, आणि भाषण संपलं.

एक तयारी मात्र मी मुद्दाम केली होती. शांततेनंतरचा मजकूर नव्या पानावर, दुप्पट मोठ्या अक्षरात छापला. माणूस तिथे अडकतो हे मला माहीत आहे. डोळे भरले की साधी अक्षरं दिसत नाहीत.

आणि तो अडकलाच. उज्जैनचं हसू अपेक्षेपेक्षा जास्त वेळ चाललं, त्यानं थांबून घेतलं, चारही नावं नीट घेतली. घड्याळाच्या वाक्यावर मधल्या रांगेतून कुणीतरी हळूच 'हो ना' म्हणालं. सगळे उभे राहिले. दहाव्या सेकंदाला बाईंनी, त्यांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं विचारलं, "काय झालं?" शेजारच्या मुलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. चाळीस झाले. पन्नास. तो कागदाकडे बघत होता आणि ओठ हलत नव्हते. साठाव्या सेकंदाला लोक पाय बदलायला लागतात. खुर्च्यांची करकर सुरू होते. शांतता लांबल्याची तीच खूण. साउंडवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग त्यानं पान उलटलं आणि "बसू या" वाचलं, अक्षरशः पहिलीतल्या मुलासारखं, शब्द सुटा करून. माझ्या फोनवर ७२ सेकंद झाले होते. खोया-पायाच्या वाक्यावर पहिलं हसू मागून आलं. मी वळून बघितलं नाही, पण काकू तिकडेच बसल्या होत्या.

जेवणाच्या वेळी घड्याळवालीच्या भावानं मित्राकडे भाषणाचा कागद मागितला. त्याला ते पान दिलं. त्यामुळे आमच्याकडे आता भाषणाचं चौथं पान नाही.

चूक झाली ती वेगळीच, आणि ती आठ दिवसांनी कळली. दहावीपर्यंत आमच्यात असलेला आणि अकरावीला दुसऱ्या शाळेत गेलेला एक मुलगा पूर्वीच वारलेला होता. आम्ही यादी बारावीच्या पटावरून केली, त्यामुळे त्याचं नाव कुणी तपासलंच नाही. मेळाव्याला आलेले निम्मे लोक त्याच्याबरोबर पहिलीपासून शिकले होते. चार नावांच्या यादीचा फोटो ग्रुपवर होता. तो काढून, त्याच्या घरी विचारून, पाच नावांचा नवा केला. त्याच्या वडिलांना मित्रानं फोन केला, मी केला नाही. पुढच्या वेळी यादी दहावीच्या पटावरून सुरू करायची, एवढं समितीच्या वहीत लिहून ठेवलंय.